एक लाख त्रेपन्न हजारांचं खातं

माझ्या धाकट्या भावाच्या बायकोइतकी नेटकी बाई मी पाहिली नाही, आणि माझ्या भावाइतका शहाणपणाचा आव आणणारा गाढवही नाही. सख्खा भाऊ आहे, म्हणून बोलते.

ती इस्पितळातल्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. सहा वर्षं रात्रपाळी. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने फ्रिजच्या दारावर वर्षाचा तक्ता चिकटवला. दोघांचा पगार मिळून एक लाख, घराचा हप्ता छत्तीस हजार. गाडीचा विमा, टायर, घरपट्टी हे वर्षातून एकदाच येणारे साठ हजार तिने बारा महिन्यांवर वाटले, महिना पाच हजार. शिवाय बारा हजार अडीअडचणीसाठी, असे सतरा हजार दरमहा एका वेगळ्या खात्यात. नऊ महिन्यांत घराचे तीन हप्ते हाताशी जमले की ती रात्रपाळी सोडणार होती. दिवसाच्या एका दवाखान्याने तिला जागा देऊ केली होती, पण पहिले तीन महिने अर्धा पगार. तेवढ्यासाठी ती नवी चप्पलसुद्धा पुढे ढकलत राहिली.

नऊ महिने भरले. खात्यात एक लाख त्रेपन्न हजार झाले. खातं दोघांचं, सही कोणाही एकाची चालायची. आमच्या भाऊसाहेबांनी कोणाला न विचारता त्यातले दीड लाख गृहकर्जात भरून टाकले आणि मोठ्या ऐटीत पावती टेबलावर ठेवली. मी तिथेच बसले होते.

‘‘ताई, पैसे नुसते पडून होते. आता किती व्याज वाचेल बघ,’’ तो मला म्हणाला.

पडून होते! माझं डोकंच फिरलं. हप्ता कमी झाला तो पुरता चौदाशेनेही नाही, पुढच्या महिन्यात अठरा हजारांचा विमा, आणि भरलेला पैसा बँक काही परत करत नाही. मी त्याला वाट्टेल ते बोलले. तक्ता रोज फ्रिजमधून दूध काढताना त्याच्या नाकासमोर होता, पण त्याने कधी वाचला असेल तर शपथ.

तिने मात्र आमच्यासमोरच दवाखान्याला फोन लावला आणि येता येणार नाही असं सांगितलं. पलीकडून कोणीतरी कारण विचारलं असावं. ‘‘घरचं आहे,’’ एवढंच ती म्हणाली.

मग तिने नवा कागद घेतला. पुढच्या महिन्याचे सतरा हजार आणि खात्यात उरलेले तीन यांत विमा भागेल, असं लिहिलं. त्याखाली लिहिल्याप्रमाणे उद्या खातं तिच्या एकटीच्या नावावर होणार होतं आणि सतरा हजार दरमहा त्याच्या पगारातून त्यात जाणार होते.

‘‘किती दिवस?’’ त्याने विचारलं.

‘‘माझी रात्रपाळी सुटेपर्यंत.’’

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही. ती डबा घेऊन कामावर निघाली, आणि तो अजून पावतीवरचा आकडा वाचत होता.