दुपारच्या सत्रात झोपलेले संचालक

अंगणवाडी सेविकांच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेची आखणी मी केली होती. ती भरवणाऱ्या सोलापुरातल्या संस्थेच्या संचालकांनी ती एका नजरेत निकालात काढली.

मी सगळ्यात अवघड विषय, म्हणजे बाळाच्या वाढीचा तक्ता भरणं, पहिल्या दिवशी सकाळी ठेवला होता. तेव्हा डोकी ताजी असतात. जेवणानंतर डोळे जड होतात, म्हणून तेव्हा गृहभेटीचं नाटुकलं. मग चहा आणि गटचर्चा. दुसऱ्या दिवशी आधी उजळणी, मग सराव, आणि मोहोळ-होटगीकडच्या बायकांना गाडी मिळेल अशा बेतानं शेवट.

"नाटुकलं म्हणजे करमणूक, मॅडम. ते शेवटी. सकाळी मान्यवर," संचालक म्हणाले. "आणि चहा जागेवरच द्या. उठल्या की बायका गप्पा मारतात."

गप्पा मारायलाच तर मधली सुट्टी असते. पण हे सांगायचं कुणाला?

पहिल्या दिवशीची अख्खी सकाळ शाली, नारळ आणि भाषणांनी खाल्ली. प्रत्येक मान्यवर 'थोडक्यात बोलतो' म्हणून उभा राहिला आणि बसायचं विसरला. मग कडक भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी असं भरपेट जेवण. त्यावर बाहेर रणरणतं ऊन, आत पडदे ओढलेले, दिवे बंद, आणि पडद्यावर माझा तक्ता. खाली महिने, उभं वजन, दोन्ही जुळतात तिथं ठिपका. ठिपके जोडणारी रेघ आडवी पडू लागली तर सावध व्हायचं. मी सांगत होते, माना डुलत होत्या. तेवढ्यात पहिल्या रांगेतून घोरणं ऐकू आलं.

"मॅडम, जरा हळू बोला की," मागून एक सेविका म्हणाली. "सर झोपल्यात."

हसून सगळ्या जाग्या झाल्या. त्या दुपारचं तेवढंच फलित.

संध्याकाळी संचालक म्हणाले, "या बायकांना गांभीर्यच नाही." हे त्यांनी जांभई देत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते समारोपालाच येणार होते. मी माझी आखणी परत लावली. सकाळी दिवे लावून, गटागटानं, प्रत्येकीच्या हातात तक्ता आणि पेन्सिल. चुकलं की खोडायचं, पुन्हा ठिपका द्यायचा. मग चहा, तोही व्हरांड्यात. जेवणानंतर नाटुकलं. कालच्याच सेविकेनं अशी खाष्ट सासू केली की पेंगायची कुणाची बिशाद नव्हती! सुनेला समजवायला उठलेली नवखी सेविका आधी गडबडली, मग तक्त्यावर बोट ठेवून शांतपणे बोलली. तिथं मला बरं वाटलं.

समारोपाच्या ठरल्या वेळेलाही संचालक आले नाहीत, म्हणून मी फोन केला. "मी आल्याशिवाय कुणी हलायचं नाही," ते म्हणाले.

मी प्रमाणपत्रं वाटली आणि बायकांना सोडलं.

ते फोटोग्राफर घेऊन आले तेव्हा सभागृहात खुर्च्या होत्या आणि मी. दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमातला हार गळ्यातच ठेवून त्यांनी मला विचारलं, "हे कुणाला विचारून केलंत?"

"गाडीच्या वेळापत्रकाला," मी म्हटलं आणि पर्स उचलली.