फक्रुद्दीनचाचांची नाकारलेली जाहिरात

भिंगारच्या बाजारात आयेशाचं छोटं ऑफिस आहे. आधी ती लग्नपत्रिका छापून द्यायची, आता दुकानदारांच्या मोबाईलवरच्या जाहिराती बघते. एका सकाळी फक्रुद्दीनचाचा तिच्याकडे आले. बसा म्हटलं तरी उभेच राहिले.

चाचा चपला-बूट शिवतात. ज्यांचा एक पाय आखूड असतो, त्यांच्यासाठी एका पायाचा तळ जाड असलेला जोड करावा तो त्यांनीच. पहिला असा जोड त्यांनी लग्नानंतर सरवरीचाचीसाठी केला. तिला लहानपणी पोलिओ झाला होता.

"जाहिरात टाकली होती," चाचा म्हणाले. "चार दिवस नुसतं अंडर रिव्ह्यू, तपासणी चालू. आज लाल अक्षरात काहीतरी आलंय."

आयेशानं त्यांचा मोबाईल घेतला. कॅम्पेनपुढे, म्हणजे जाहिरातीच्या एकूण मोहिमेपुढे, 'सुरू' असंच दिसत होतं. ती आत गेली. आतल्या जाहिरातीपुढे मात्र 'नाकारली' होतं. कारण उघडण्याआधी तिनं व्हिडिओ लावला. अंगणात सरवरीचाची चालत होती, हळू, सलवारचा काठ हातानं थोडा उचलून, म्हणजे बूट दिसावा. मागून चाचांचा आवाज : 'तुमचा एक पाय आखूड आहे का? लंगडता का? आमच्याकडे या.'

"चाचा, या चार दिवसांत तुम्ही यात काही बदललंत?"

"रोज. दिसत न्हाई म्हटल्यावर रोज सकाळी व्हिडिओच्या वरचं वाक्य बदलायचो. वाटलं, तेच आवडत नसेल."

"प्रत्येक बदलानंतर तपासणी पहिल्यापासून होते. तुम्हीच तिला रोज रांगेच्या शेवटी उभं केलंत."

चाचा हसले नाहीत. शेवटी स्टुलावर बसले आणि हळूच म्हणाले, "नाकारली ती तिच्या पायामुळंच ना? मी तिला सांगितलेलं न्हाई. चाळीस वर्षं तिनं कुणासमोर पाय दाखवला न्हाई. माझ्यासाठी चालली ती कॅमेऱ्यासमोर. आता तिला काय सांगू?"

आयेशाचं बोट स्क्रीनवर थांबलं. हा माणूस जाहिरातीसाठी आलाच नव्हता. तिनं कारणाचा तपशील उघडला, पूर्ण वाचला आणि मोबाईल त्यांच्या पुढ्यात धरला.

"बघा, चाचीच्या पायाचा यात शब्द नाही. इथं लिहिलंय, बघणाऱ्याच्या शरीरात काय कमी आहे ते जाहिरातीनं त्याला सांगायचं नाही. 'तुमचा पाय आखूड आहे का' असं विचारलं, की समोरच्याला वाटतं, याला माझं कसं कळलं? अडलंय ते तुमच्या बोलण्यापाशी."

"पण दुकानात मी सगळ्यांना हेच विचारतो."

"दुकानात माणूस तुमच्यासमोर बसलेला असतो. स्वतःहून आलेला असतो."

चाचांनी मोबाईल परत हातात घेतला. मग म्हणाले, "फेरतपासणी मागता येते म्हणतात."

"येते. पण त्यांची चूक असली तर. इथं वाक्य खरंच नियमात बसत नाही. मागितली तर पुन्हा नाहीच म्हणतील. आवाज व्हिडिओतच आहे, म्हणून नुसतं वरचं लिहिणं बदलूनही भागणार नाही. व्हिडिओच नवा करू."

दुपारी ती त्यांच्या घरी गेली. चाचांनी तोवर सगळं सांगितलं असावं, कारण सरवरीचाची दारातच म्हणाली, "माझ्या पायावर खापर फोडून मोकळे झाले होते म्हणे हे." चाचा कातडं कापत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"चाची, या वेळी तुम्हीच बोला. समोरच्याला काही विचारायचं नाही. फक्त स्वतःचं सांगायचं."

चाचीनं ओढणी सारखी केली. अंगणात चार पावलं टाकली आणि थांबून म्हणाली, "हा बूट माझ्या नवऱ्यानं शिवलाय. तो माझा पाय हातात घेऊन माप घेतो. मी हा घालून बाजारात जाते."

एवढंच. दुसऱ्यांदा घ्यावं लागलं नाही. चाचांची कातडं कापायची रापी मध्येच थांबली होती.

आयेशानं नवी जाहिरात चढवली आणि चाचांना बजावलं, उद्यापर्यंत हात लावायचा नाही. चाचांनी मोबाईल चाचीकडेच देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजाआधी जाहिरात मंजूर झाली.

आठवडाभरानं आयेशा सहज चाचांच्या दुकानावरून चालली होती. चाचा दुकानात एकटेच होते. चाची फोन घेऊन मागच्या ओट्यावर बसली होती.

"पुणतांब्याची कुणी बाई आहे," चाचा म्हणाले. "बुटाचं विचारायला फोन केला. मी उचलला तर म्हणाली, तुम्ही नको, जाहिरातीतल्या बाईंना द्या. अर्धा तास झाला."

मागून चाचीचा आवाज येत होता. ती त्या बाईला पहिल्या दिवशी टाच कशी टेकवायची ते समजावत होती. चाचांनी स्टूल पुढे सरकवलं. आयेशा बसली, आणि दोघं चाचीचं बोलणं संपायची वाट पाहत राहिले.