घरचं काही औषध नसतं

नवऱ्याच्या नाकातून रक्त यायला लागलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि मी त्याच्यासाठी हळदीचं दूध उकळत होते. झाशीत जानेवारीत धुकं असं बसतं की समोरच्या घराचं दार दिसत नाही. बारा दिवस त्याचा खोकला हटत नव्हता. मीही हटत नव्हते.

आमच्या गल्लीत मला अर्धी डॉक्टर म्हणतात. अर्ध्या चेष्टेने म्हणतात, पण येतात सगळ्या. कुणाला दिवस गेले आणि मळमळतंय, तर मी आल्याचा तुकडा चघळायला देते, आणि खरंच बरं वाटतं. घसा धरला तर तुळशीची पानं, आलं, गूळ घालून चहा. त्यात तुळस किती काम करते आणि नुसतं गरम पाणी किती, हे मला कधी कुणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. माझं माहेर इथलंच, दोन-अडीचशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर आलेल्या मराठी घरांपैकी. घरात औषधाचा डबा नव्हता, मसाल्याचाच डबा होता. नवरा रेल्वेतला, भुसावळकडचा. लग्नानंतर पहिल्या सर्दीला त्याने गोळी मागितली होती आणि मी त्याच्या हातात काढ्याचा पेला ठेवला होता. तेव्हापासून त्याने भांडण सोडलं.

सात वर्षांपूर्वी दिल्लीला त्याच्या हृदयातला एक व्हॉल्व्ह बदलला. धातूचा बसवला. खोली शांत असेल तर त्याच्या छातीतली टिकटिक मला ऐकू येते. त्या व्हॉल्व्हवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून त्याला रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवायची गोळी घ्यावी लागते, जन्मभर. फार पातळ झालं तर रक्तस्राव, कमी पातळ झालं तर गुठळी, आणि गुठळी मेंदूत गेली की माणूस गेला किंवा लुळा पडला. म्हणून रक्त किती पातळ आहे याची दर महिन्याला तपासणी. आकडा अडीच आणि साडेतीनच्या मध्ये राहायला हवा. पालेभाजी दर आठवड्याला साधारण तेवढीच, कारण पाला जास्त खाल्ला की गोळीचा जोर उतरतो. हे सगळं मी पाठ केलं होतं. मेथीची जुडी चार दिवस जास्त आणली नाही कधी.

हळदीचं मात्र मनातच आलं नाही. भाजीत रोज असतेच की. यंदा माणिक चौकात ओली हळद सुरेख आली होती, आतून शेंदरी. मोबाइलवर कुणीतरी पाठवलं होतं की मिऱ्यांशिवाय हळद अंगी लागत नाही, आणि ते खोटंही नाही. मी अंगठ्याएवढा तुकडा किसून, वर भरड मिरी घालून, दुधात आटवायची. सकाळी एकदा, रात्री एकदा. मधल्या वेळात आलं-तुळशीचा चहा. तो नाक मुरडून प्यायचा. दोन दिवसांपूर्वी दात घासताना त्याच्या हिरड्यांतून रक्त आलं, तर मी म्हटलं ब्रश जुना झालाय.

त्या सकाळी नाक थांबेना. त्याला पुढे वाकवून बसवलं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून ठेवला. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. टॉवेल लाल झाला, माझ्या बांगड्या लाल झाल्या. तो शांतपणे म्हणाला की आता दवाखान्यात जाऊ. एरवी दवाखान्याचं नाव काढलं की त्याला चार कामं आठवतात, म्हणून मी जास्तच घाबरले. दूध तसंच गॅसवर ठेवून, गॅस बंद करून निघाले. ऑटोवाल्या भैयाने धुक्यात हॉर्न वाजवत नेलं.

नेहमीच्या डॉक्टरांच्या नर्सिंग होममध्ये त्यांनी नाकात बोळा भरला, रक्त काढून तपासायला पाठवलं. मग मला विचारलं, कोई नई दवा शुरू की है? मी ताबडतोब म्हणाले, नहीं.

मी खोटं बोलले नाही. दवा म्हणजे दुकानात मिळते ती. घरचं काही औषध नसतं, ते जेवणाच्याच ओळीत बसतं. कुणी विचारावं की पोळी खाल्ली का, तर त्यात औषध कुठून येणार? पण उत्तर देऊन मी नवऱ्याकडे वळले. आणि नवऱ्याने, नाकात बोळा असताना, माझ्याकडे बघायच्या ऐवजी छताकडे बघितलं. मला वाटलं माझं झाकतोय.

तासाभराने आकडा आला. सहाच्या वर. डॉक्टरांचा चेहरा बघून मी तो दोनदा विचारला. ते म्हणाले की मामला नाजूक आहे. रक्त फार पातळ झालंय, ते आवरायला हवं, पण एकदम घट्ट केलं तर व्हॉल्व्ह अडकेल. आजची गोळी बंद, उताऱ्याचं औषध अगदी थोडं, आणि दाखल करून लक्ष ठेवायचं.

मी बाकावर बसले. तेव्हा मला पुरतं कळलं होतं की हे त्या दुधाचं असू शकतं, बारा दिवसांत नवीन तेवढंच होतं. सांगावं की नाही, याची मारामारी सुरू झाली. सांगितलं तर सगळी गल्ली म्हणणार, अर्ध्या डॉक्टरणीने नवरा घालवला असता. आमची मुलगी फोनवर हिंदीत रडणार, मग मराठीत चिडणार. मी ठरवलं की घरी गेल्यावर गुपचूप दूध बंद करायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. कारण गेलं की आकडा आपोआप खाली येईल, कुणाला काही कळायचं कारण नाही. लाज वाटावी असा विचार होता, पण त्या बाकावर तो मला फार शहाणपणाचा वाटला.

तेवढ्यात डॉक्टर त्यांच्या हाताखालच्या मुलीला सांगताना ऐकू आले. नवीन दवा काही नाही, म्हणजे शरीरालाच आता मात्रा जास्त होतेय. रक्त जागेवर आलं की गोळी कमी मात्रेवर सुरू करू, कायमची.

ते माझ्या एका "नहीं"वर मात्रा ठरवत होते. मी घरी जाऊन दूध बंद करणार आणि हे वरून गोळीही कमी करणार. दोन्हीकडून आकडा खाली येणार, अडीचच्याही खाली, आणि पुढच्या तपासणीआधी एखाद्या साध्या दुपारी ती टिकटिक अडखळणार. लाजेपायी मी त्याला पॅरालिसिस देऊन बसले असते. भीती इतकी मोठी झाली की लाज तिच्याखाली दबून गेली.

मी उठले आणि त्यांच्या समोर उभी राहिले. म्हटलं, "डॉक्टरसाब, मैंने गलत बताया। बारह दिन से कच्ची हल्दी का दूध दे रही हूँ, काली मिर्च डालकर, दिन में दो बार। अदरक-तुलसी अलग।"

त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, किती मोठा तुकडा. मी अंगठा दाखवला.

पलंगावरून आवाज आला. नवऱ्याचा, नाकातला. तो मराठीत माझ्याशी बोलत होता, पण ऐकवत होता सगळ्यांना. "अगं, माझंपण एक सांगायचं राहिलंय. बड्या बाजारातल्या केमिस्टकडून मी पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या. तुझ्या दुधाने खोकला जात नव्हता. तुला वाईट वाटेल म्हणून ऑफिसात घ्यायचो."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. म्हणजे तो मघाशी छताकडे बघत होता ते माझ्यासाठी नव्हे. एका घरात दोन चोर, आणि दोघेही एकमेकांच्या भल्यासाठी. इतकी चिडले की त्या अवस्थेतही त्याला म्हणावंसं वाटलं, सात वर्षं मी मेथी मोजून आणतेय ती काय गंमत म्हणून? पण मी कोणत्या तोंडाने बोलणार.

डॉक्टरांनी त्याला गोळ्यांचं पाकीट मागितलं. ते कोटाच्या खिशातच होतं. नाव वाचून त्यांनी मान हलवली. मग जेवण किती जात होतं ते विचारलं. खोकल्यात तो चार घास खायचा, भाजी तशीच ताटात. त्यांनी हाताखालच्या मुलीला बोलावून आधीचं सगळं खोडायला लावलं. मात्रा कायमची कमी करायची नाही. रक्त जागेवर आलं की जुन्याच मात्रेवर सुरू, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तपासणी, आणि ओल्या हळदीचं दूध, ते गोळ्यांचं पाकीट, दोन्ही बंद. भाजीत असते तेवढी हळद चालू राहू दे म्हणाले, तिच्यासकटच ही गोळी बसवलेली आहे.

मी सुटले असं वाटायला हवं होतं. पण मला एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवेना. ते दुसऱ्या पेशंटकडे निघाले तेव्हा मी त्यांना दारात अडवलं आणि विचारलं की हे माझ्यामुळे झालं का.

ते थांबले. ती अँटिबायोटिक आकडा वाढवते हे पक्कं माहीत आहे, म्हणाले. इतके दिवस नीट जेवण नाही, पालेभाजी नाही, त्यानेही वाढतो. हळदीने वाढल्याची काही उदाहरणं डॉक्टरांनी लिहून ठेवली आहेत, जास्त मात्रेत घेतलेल्या हळदीची, पण दुधातल्या एका तुकड्याने किती, हे नीट कुणी मोजलेलं नाही. आल्याचं तर त्याहून कमी माहीत. हे सगळं एकाच वेळी झालं. कुणाचा वाटा किती, ते सांगता येत नाही.

"लेकिन पता तो चल सकता होगा," मी म्हटलं.

"एक ही तरीका है," ते म्हणाले. "सब ठीक होने के बाद सिर्फ हल्दी वाला दूध फिर से दें, और खून जाँचें। वो मैं नहीं करूँगा।"

मी आत वळून बघितलं. नवरा डोळे मिटून पडला होता, नाकातल्या बोळ्याच्या कडेला वाळलेलं रक्त. आणि खरं सांगते, एक क्षण मला ते हवं होतं. फक्त दूध, मग आकडा, आणि तो आकडा साडेतीनच्या आत, म्हणजे मी सुटले. आयुष्यभर लोकांना पाजलं ते विष नव्हतं, हे कागदावर. त्या एका क्षणात माझ्या निर्दोषपणासाठी मी त्याचं रक्त वापरायला तयार होते.

डॉक्टरांनी विचारलं, समझ गईं आप? मी म्हटलं, समजलं. समजलं ते एवढंच, की मला हे कधीच कळणार नाही, आणि कळू नये असंच मला वाटत राहायला हवं.