सौ.चा नमस्कार

पोस्टकार्डात एक मोठी खोड असते. ते ज्याच्या नावाने येतं त्याच्याआधी दहा जण वाचतात. त्या दिवशी पोस्टमनने अंगणात पाऊल टाकलं ते तोंड पाडूनच, आणि मी ओळखलं की कार्ड मुंबईचं आहे आणि आतला मजकूर बरा नाही.

मी जानवी करायचो. देश स्वतंत्र होऊन दहाएक वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. श्रीवर्धनपासून दोन कोसांवर आमचं गाव, आणि मुंबईत गिरगावातल्या एका पूजासाहित्याच्या दुकानाला मी सोळा वर्षं माल पाठवत होतो. दरमहा दोनशे जोड, आणि श्रावणीच्या आधी सहाशे. श्रावणीला सगळे जानवं बदलतात, त्यामुळे दुकानदाराचं वर्षाचं गणित त्या एका दिवसावर बसलेलं. माझंही. दुसरं गिऱ्हाईक मी कधी शोधलं नाही. आळस म्हणा किंवा माज म्हणा, दोन्ही होतं.

"मी करायचो" म्हणतो, पण ते अर्धंच खरं. सूत काढायची ती बायको. माजघरात दाराशी बसून ती टकळी फिरवायची आणि तिच्या बोटांतून इतकं सारखं सूत उतरायचं की मला पुढे काही डोकं लावावंच लागत नसे. चार बोटांना त्या सुताचे शहाण्णव वेढे द्यायचे, ते तिहेरी करून पीळ द्यायचा, पुन्हा तिहेरी करून उलटा पीळ, आणि शेवटी ब्रह्मगाठ. हे माझं काम. गाठ मारणाऱ्याला मान असतो आणि सूत काढणाऱ्याला पाठदुखी. आम्हाला मूलबाळ नव्हतं. दिवसभर दोघं एकाच कामाला लागलेली असायचो, त्यामुळे बोलायला विषय लागत नसे, आणि गप्प बसलो तरी काही अडत नसे.

आदल्या वर्षीच्या ज्येष्ठात ती तापाने गेली. पाच दिवसांत.

तेराव्यानंतर मी सगळ्या नातेवाइकांना कार्डं घातली. आमच्याकडे असल्या कार्डावर वर 'श्री' लिहीत नाहीत, एक कोपरा फाडतात, आणि वाचणारा ते वाचल्यावर फाडून टाकतो, घरात ठेवत नाही. मुंबईच्या दुकानदाराला मात्र मी लिहिलं नाही. आम्ही दोघं एकदाच त्याच्या दुकानात गेलो होतो. तिथे गादीच्या वर देवाची तसबीर होती आणि तिच्याखाली एका तारेत सगळी व्यापाराची पत्रं ओवलेली होती. आमचीही होती. ती बघून बायको केवढी खूश झाली होती. आता त्या तारेत, देवाखाली, तिच्या मरणाची बातमी कशी जायची? नंतर सावकाश लिहू, असं मी ठरवलं.

पण दुकानदाराचं कार्ड आधी आलं. ऑर्डर, तारीख, आणि खाली नेहमीप्रमाणे 'सौ. वहिनींस नमस्कार'. सोळा वर्षं हीच ओळ असायची. तिच्या सुताची त्याला किंमत होती. मी उत्तर लिहायला बसलो. माल रवाना केल्याचं लिहिलं, 'कळावे, लोभ असावा' लिहिलं, आणि हात थांबलाच नाही. खाली लिहून गेलो: 'सौ.चा नमस्कार'.

लिहिल्यावर कार्ड फाडता आलं असतं. नाही फाडलं. मी मनाशी वाद घातला की ती सवाष्ण गेली, म्हणजे 'सौ.' लिहिण्यात खोटं काहीच नाही. माझ्यासारख्या माणसाला स्वतःला फसवायला एवढं पुरतं.

पुढच्या महिन्यात पुन्हा त्याचा नमस्कार आला, पुन्हा माझा गेला. गावात सगळे माझ्यासमोर तिचं नाव काढायचं टाळत होते. घरसंसाराच्या गप्पा चालल्या असल्या तर मी आलो की विषय बदलत. आणि तिकडे मुंबईत एक माणूस दर महिन्याला तिला नमस्कार सांगत होता. मला त्या ओळीची चटक लागली, हे आता कबूल करायला लाज वाटत नाही. महिनाभर मी त्या ओळीची वाट बघायचो.

तिने काढून ठेवलेल्या सुतावर दिवाळीपर्यंत माल वेळेवर गेला. मग मी स्वतः टकळी धरली. माझं सूत एकदा जाड, एकदा बारीक, आणि दर हाताला तुटायचं. बाजारचं गिरणीचं सूत घेता आलं असतं, पण तो दुकानदार 'हातसुताची' म्हणून जानवी विकायचा आणि मी सोळा वर्षं तेच देत आलो होतो. कार्तिकात माल आठ दिवस उशिरा गेला. पौषात पंधरा. फाल्गुनातला चैत्रात पोचला. प्रत्येक वेळी मी कारणं लिहिली. लाँच चुकली, पार्सल पोस्टात अडकलं, मला ताप होता. तापाचं तर तीनदा लिहिलं. दर वेळी पुढच्या खेपेला वेळेवर पाठवतो असंही लिहिलं, आणि ते लिहितानाच मला ठाऊक असायचं की जमणार नाही.

आणि एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. फळीवर एका पत्र्याच्या डब्यात तिचं शेवटचं सूत होतं, तीनशे जोड सहज होतील एवढं. त्याला मी हात लावला नव्हता. घरात सूत असून मी गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवत होतो.

वैशाखातलं ते कार्ड असं होतं: 'आपली कारणे वाचून कंटाळा आला. लाँच आणि पोस्ट सर्वांना सारखीच आहेत. वाईच्या माणसाचा माल मला दिलेल्या तारखेस मिळतो. गेल्या चार खेपा माझ्या दारातून गिऱ्हाईक परत गेले. श्रावणीचे सहाशे जोड आषाढी एकादशीपर्यंत दुकानात पाहिजेत. ते जमणार नसेल तर यापुढे सर्व ऑर्डर वाईला देईन. सोळा वर्षांचा संबंध म्हणून हे आधी लिहितो.' आणि एवढं तापूनही खाली होतंच: 'सौ. वहिनींस नमस्कार'.

मला राग आला. सोळा वर्षांनी वाईची भीती घालतो काय! कोरं कार्ड ओढलं आणि एक खरमरीत उत्तर लिहिलं. हाताने काम करणारा माणूस म्हणजे गिरणी नव्हे, ज्याला घाई असेल त्याने खुशाल वाईला जावं, वगैरे. झोकात झालं होतं. खाली नमस्कारही लिहिला. पोस्टमन ओटीवर पाणी पीत बसला होता, त्याच्याच हातात ते कार्ड दिलं.

तो उठला नाही. कार्ड वाचलं, लपवूनही नाही. हा माणूस माझ्या बायकोला खांदा द्यायला आला होता, आणि वर्षभर दोन्हीकडचे नमस्कार यानेच पोचवले होते.

"काका," तो म्हणाला, "शेट काय वावगा न्हाय बोलत. त्याला बिचाऱ्याला म्हाईतच न्हाय."

मी म्हटलं, माझ्या धंद्यात तू पडू नकोस.

"न्हाय पडत," तो म्हणाला. "पन काकींचा नमस्कार आजून किती दिस धाडनार तुमी?"

त्याने ते कार्ड थैलीत टाकलं नाही, ओटीवर ठेवलं, आणि उद्या येतो म्हणून निघून गेला. मला त्याचा संताप आला, आणि संताप ओसरल्यावर मी बसून रडलो. वर्षभरात पहिल्यांदा. तेराव्यापर्यंत घरात माणसं होती, तेव्हा जमलं नव्हतं.

खरं लिहिलं तर ऑर्डर वाचण्याची आशा होती. न लिहिलं तर ऑर्डर जाणार, आणि तिच्याबरोबर ती ओळही. म्हणजे काही केलं तरी ओळ जाणारच होती. हे इतकं साधं गणित मला वर्षभर सुटलं नव्हतं, कारण मी ते मांडलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन कार्डं लिहिली. पहिल्यावर 'श्री' घातलं नाही आणि कोपरा फाडला. चार ओळी लिहिल्या. ती कधी गेली, कशाने गेली, सूत तीच काढत होती, आणि गेल्या वर्षभरातले तिचे नमस्कार मी लिहिले होते, त्याबद्दल क्षमा असावी.

दुसरं कार्ड व्यापाराचं. त्यात बातमी नव्हती, सबबही नव्हती. लिहिलं की चार खेपांचा उशीर माझा आहे, लाँचचा किंवा पोस्टाचा नाही. आपलं गिऱ्हाईक परत गेलं याचं वाईट वाटतं. सहाशे जोड माझ्याने होणार नाहीत. तीनशे होतील, ते ज्येष्ठ संपायच्या आत पाठवतो. उरलेले तीनशे वाईला आजच सांगावे, म्हणजे त्यांनाही वेळ मिळेल. श्रावणीनंतर दरमहा ऐंशी जोडच मागावे, ते दिल्या तारखेला देईन. त्याहून जास्त कबूल करत नाही. 'कळावे, लोभ असावा' लिहिलं आणि टाक दौतीत ठेवून दिला. खाली दोन बोटं जागा कोरी राहिली. तशीच कोरी जाऊ दिली.

मग फळीवरून डबा काढला. झाकण गंजून घट्ट बसलं होतं. सुताच्या लडी तिने केळीच्या सोपटाने बांधल्या होत्या, सगळ्या गाठी एकसारख्या. पहिली लड सोडायला मला सकाळ लागली. पुढच्या मात्र भराभर सुटल्या, हात कामाला सरावले. पावसाळी दमट हवेत पीळ नीट बसत नाही, म्हणून पाऊस लागायच्या आत उरकायचं होतं. दिवसभर तिचं सूत बोटांवरून जायचं. कुठे गाठ नाही, कुठे जाड-बारीक नाही. ज्येष्ठ संपायला आठ दिवस असताना पार्सल गेलं. डबा रिकामा झाला.

मुंबईहून दोन कार्डं एकाच दिवशी आली. पोस्टमनने दोन्ही एकदम हातात दिली आणि या खेपेला पाणी न मागता गेला.

एक सांत्वनाचं होतं. त्याने चांगलं लिहिलं होतं, वहिनींसारखं सूत आपण दुसरीकडे पाहिलं नाही असंही. आधी कळवलं असतं तर एवढं कठोर लिहिलं नसतं, असंही. ते मी रीतीप्रमाणे वाचून फाडलं.

दुसरं व्यापाराचं. माल पोचला, सूत पूर्वीसारखे आहे. उरलेला माल वाईहून मागवला. पुढे दरमहा ऐंशी जोड आपलेच घेऊ, तारीख पाळावी. कळावे, लोभ असावा.

माझी ऑर्डर वाचली होती. मी कार्ड उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. सहीच्या खाली काही लिहिलेलं नव्हतं.