गुडघे पोटाशी

बाळाला न्हाऊ घालण्यात आमच्या गावात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मीच सगळ्यांना सांगत असे. गल्लीत कोणाकडे बाळ जन्मलं की मी न बोलावता जायची, पाय लांब करून पाटावर बसायची आणि "आणा इकडं" म्हणायची. बाळ पायांवर आलं की आधी तेल, मग ऊन पाणी, मग शेवटी पोटातला वारा जावा म्हणून दोन्ही गुडघे दुमडून पोटाशी दाबायचे. या साऱ्यात बाळ रडलंच पाहिजे, असा माझा कायदा होता. रडलं की छाती मोकळी होते! नव्या आया कानांवर हात ठेवून आत जायच्या आणि मी त्यांच्या पाठीवर ओरडायची, "रडू दे वं, रडल्यानं कोणी मरत नाही!"

त्या वेळी मी पन्नाशी ओलांडली होती, केस बरेचसे काळे होते आणि अक्कल मात्र सगळी पिकली आहे असा माझा समज होता.

त्याच वर्षी माझ्या मुलाला मुलगी झाली. पहिली नात. सून बाळंतपण आटोपून मेहकरहून, माहेराहून आली तेव्हा बाळ दोन महिन्यांचं झालं होतं. गोल तोंड, डोक्यावर भरपूर जावळ, आणि ओठ जरा सावळे. मी म्हटलं, माझ्यावर गेली. सून म्हणाली, "आत्याबाई, तुमचे ओठ असे नाहीत." मी आरशात पाहिलं. नव्हते. तरी मी ते कबूल केलं नाही. डाळीचं पीठ, साय आणि हळद यांचं उटणं सुरू केलं. आठवडाभर त्या पोरीचे ओठ मी हलक्या हाताने पुसत होते, जणू कोणी जांभळं खाऊन तोंड न धुता माझ्या घरात आलं होतं.

ओठांचा रंग उतरला नाही. उलट नखंही तशीच दिसू लागली.

मग एका सकाळी, अंघोळीच्या वेळी, ती नेहमीपेक्षा जास्त रडली. मी आपली खुशीत, छाती मोकळी होतेय म्हणून. रडता रडता ती निळी होत गेली. आधी ओठ, मग नाकाभोवती, मग सगळं तोंड. श्वास भराभर चालला होता आणि आवाज मात्र बारीक होत होता. मग तिने मान टाकली. सुनेच्या हातातला तांब्या खाली पडला. काही सुचत नाही तेव्हा हात आपल्या सवयीचंच करतात. मी तिचे दोन्ही गुडघे दुमडले, पोटाशी घट्ट धरले आणि तिला छातीला लावलं. थोड्या वेळाने तोंडावर रंग परतला. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, जरा नाराजीने.

"पाह्यलं?" मी सुनेला म्हटलं. "ग्यास होता."

"आत्याबाई, ग्यासनं कोणी निळं होते का?"

"मोठा ग्यास होता."

दोन दिवसांनी दूध पिताना पुन्हा तेच झालं. पुन्हा मी गुडघे दाबले, पुन्हा ती सावरली. आता तर माझ्या म्हणण्याला पुरावाच मिळाला. मी गल्लीभर सांगत फिरले की या पोरीच्या पोटात वारा धरतो आणि माझ्याच हाताला सुटतो. सून गल्लीत सांगत फिरली नाही. तिने पिशवी भरली आणि नवऱ्याला म्हणाली, "चिखलीले लेकरांच्या डॉक्टरकडे जाऊन राह्यली मी. येता का नाही?"

मीही निघाले. डॉक्टरला ग्यासबद्दल नीट सांगायला कोणीतरी हवं ना.

डॉक्टरीण तरुण होती, माझ्या मुलाच्याच वयाची. तिने बाळाच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिली. मी तेवढ्यात माझं भाषण सुरू केलं. निळी पडते, मान टाकते, मी गुडघे दुमडते, वारा सुटतो, पोर गुलाबी. तिने नळी कानातून काढली.

"आजी, पुन्हा सांगा. गुडघे कसे दुमडता?"

मी मोठ्या अभिमानाने करून दाखवलं. तिथे टेबलावर, दाराशी उभ्या असलेल्या दुसऱ्या पेशंटांनाही दिसेल असं.

"अगदी बरोबर केलंत," ती म्हणाली. मी सुनेकडे पाहिलं. "पण हा गॅस नाही. हे हृदय आहे."

सुनेने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती बाळाला अंगडं घालत होती.

छत्रपती संभाजीनगरला जाऊन सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी झाली. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मुलाला कळलं, मला नाही. परत येताना एसटीत मी त्याला म्हटलं, "आता माह्या भाषेत सांग."

त्याच्या डोक्यात कायम शेतातली पाइपलाइन असते. म्हणाला, "माय, हृदयात दोन मोटरी समज. एक मोटर मळकं रक्त फुप्फुसाकडे धाडते, तिथं ते हवा घेऊन लाल होते. दुसरी मोटर ते लाल रक्त आंगभर फिरवते. दोघींच्या मधात भिंत असते. आपल्या पोरीच्या त्या भिंतीले छिद्र आहे."

"मंग बुजवा म्हणा."

"ऐक तं खरी. नुसतं छिद्र असतं तं निळी नसती पडली. फुप्फुसाकडे जाणारी वाट बी आवळेल आहे, कॉक अर्धा बंद असल्यासारखी. मंग मळकं रक्त काय करते? सोपी वाट पाह्यते. छिद्रातून पल्याड जाते अन् लाल रक्तात मिसळून तसंच आंगात फिरते. आंगाची मोठी नळी बी नेमकी त्या छिद्राच्या वर बसेल आहे, दोन्हीकडचं वढते. अन् आवळलेल्या वाटेवर जोर लावून लावून त्या मोटरीची भिंत जाड झाली."

"अन् रडली की?"

"रडली की ती वाट अजून आवळते. फुप्फुसात रक्तच जात नाही. तू गुडघे दाबते तं पायाकडची लाइन दबते. आंगाकडे जायले जड झालं की रक्त मुकाट्यानं फुप्फुसाकडे वळते. म्हणून गुलाबी होते."

मी खिडकीबाहेर पाहिलं. इतकी वर्षं मी लोकांच्या लेकरांचे गुडघे दाबत आले होते आणि माझ्या हातांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मला हातांचाच राग आला. सांगायचं तरी होतं.

डॉक्टरांनी औषध सुरू केलं, रोजचं, मोजून. ती आवळणारी वाट जरा सैल राहावी म्हणून. आणि नियम दिले. जास्त रडू द्यायचं नाही, ताप येऊ द्यायचा नाही, जुलाब-उलटीने अंगातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही, धुरी बंद. वजन वाढलं की ऑपरेशन. माझा कायदा असा एका चिठ्ठीत रद्द झाला. आता घरात त्या पोरीचं राज्य आलं. तिने भुवई आकसली की मी ताट वाजवायची, मुलगा शेळीसारखा ओरडायचा. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काऊन वं, मांगं तं म्हणे रडू दे. आता सोताच नाचून राह्यली?" मी म्हटलं, "तू बी ये नाचाले. माणसं कमी पडून राह्यली."

औषधाने निळं पडणं थांबलं. महिना गेला, दीड गेला. पोर हसायची, पालथी पडायची. आणि माझं जुनं डोकं पुन्हा वर आलं. आता बरी आहे ना? मग एवढ्याशा लेकराची छाती काऊन फाडायची? मी मुलाला सांगितलं, सुनेला सांगितलं, दोघांनी ऐकून घेतलं. सून फक्त एवढंच म्हणाली, "औषधानं छिद्र बुजते का, आत्याबाई?"

"माह्या हातानं तं सावरते ना!"

उन्हाळा लागला. एका दुपारी तिला दोन-तीन जुलाब झाले. सून विहिरीवर होती, पोर माझ्याजवळ. ती कुरकुरली, मग रडली आणि बघता बघता निळी पडली. मी गुडघे दुमडले. घट्ट धरले. वाट पाहिली. रंग आला नाही. मी आणखी दाबले, तिला पाठीवर निजवलं, पुन्हा छातीशी धरलं, गुडघे तसेच पोटाशी. रंग येईना. ओठ शाईसारखे. माझे तेच हात, तीच रीत, आणि काही होत नव्हतं. मी ओरडत बाहेर पळाले. शेजारणीच्या मुलाने जीप काढली, सून वाटेत चढली. चिखलीपर्यंत मी तिचे गुडघे सोडले नाहीत. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, सलाईन लावली, शिरेतून औषध दिलं, तेव्हा कुठे ती परतली.

डॉक्टरीण बाहेर आली. मी तिला विचारण्याआधीच तिने सांगितलं, "आजी, तुमची रीत बरोबरच होती. पण अंगातलं पाणी कमी झालं होतं. प्रत्येक वेळी हे पुरणार नाही."

सून भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्याजवळ गेले. "ऑपरेशनची तारीख घे," मी म्हटलं. "लवकरची."

"हाव," ती म्हणाली. मला ती काहीतरी बोलेल असं वाटलं होतं, मी त्याच्यासाठी तयारही होते. तिने फक्त माझा पदर नीट केला, जो धावताना कुठेतरी सुटला होता.

ऑपरेशन सरकारी योजनेतून मोठ्या दवाखान्यात झालं. आदल्या दिवशी सर्जनने सांगितलं की छातीचं मधलं हाड उघडतात, हृदय थोडा वेळ थांबवतात, तेवढा वेळ रक्त फिरवायचं आणि त्यात हवा भरायची ती कामं एक यंत्र करतं. भिंतीतल्या छिद्राला ठिगळ लावतात, असं की मोठी नळी फक्त लाल रक्ताच्या बाजूला यावी. आवळलेल्या वाटेतलं जादा मांस कापतात आणि लागलं तर ती वाट रुंद करायला हृदयावरच्या पातळ आवरणाचाच तुकडा जोडतात. मी विचारलं, "तिचंच कापड तिलेच?" ते हसले. म्हणाले, "हो आजी, घरचंच." पुढे झडपेतून थोडं रक्त मागे गळू शकतं, म्हणून मोठी झाली तरी दरवर्षी तपासायला आणायचं, हेही त्यांनी लपवलं नाही.

सकाळी तिला आत नेलं. आम्ही तिघं बाकावर. शेजारी भुसावळकडचं एक कुटुंब होतं, त्यांनी डबा उघडला, आम्हाला पोळी देऊ केली. मी नको म्हटलं. मुलगा दर थोड्या वेळाने उठून दारापर्यंत जायचा आणि परत यायचा. दुपार कलल्यावर सर्जन आले. टोपी हातात होती. म्हणाले, "छान झालं. रंग बघा जाऊन. एकेकानेच."

आधी सून गेली. बाहेर आली ती तोंडावर पदर धरून, पण मान हलवत होती, हो हो अशी. मग मी. नळ्या इतक्या होत्या की आधी मला पोरच दिसेना. तोंडात नळी, छातीवर पट्टी, हाताला फळी बांधलेली. मी पायांकडे उभी राहिले, कारण तिथेच जागा होती. चादरीतून तिचे तळवे बाहेर आले होते. गुलाबी. नखंसुद्धा. मी वाकून पाहिलं, दिव्याचा रंग तर नाही ना म्हणून माझा हात शेजारी धरून पाहिला. माझा काळा, तिचा गुलाबी.

"आजी, हात नका लावू," सिस्टर म्हणाली.

"नाही लावत, बाई. पाहून राह्यली फक्त."

बाहेर आले तेव्हा मुलगा दाराशीच उभा होता. "काय म्हणते?" त्याने विचारलं, जणू आत मी तिच्याशी गप्पा मारून आले होते.

"झोपली हाय," मी म्हटलं. "जा, पाहून ये. अन् येताना मले काहीतरी खायाले आण बे. सकाळपासून उपाशी हाय मी."

भुसावळवाल्या बाईने ऐकलं. तिने डबा पुन्हा उघडला.