जावेच्या पेन्शनचा कागद

माझ्या थोरल्या जावेच्या पेन्शनच्या कागदावर माझा डोळा होता. अजूनही आहे. उगाच गोड बोलून काय उपयोग?

आम्ही दोघी एकाच कंपनीत कामाला होतो. गिरीजच्या वाडीतनं सकाळी केळीच्या पानांवरचं पाणी अंगावर घेत निघायचं, वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत दिवसभर गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरायच्या, आणि परत येऊन चुलीला लागायचं. ती माझ्याआधी चार वर्षं तिथं लागली होती. माझं लग्न ठरलं तेव्हा तिनंच शब्द टाकून मला चिकटवलं, आणि ते ती कधी बोलून दाखवायची नाही. त्याचाच मला जास्त राग यायचा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी कंपनीनं बाडबिस्तरा गुंडाळला आणि दमणला गेली. आम्ही बायका काय दमणला जाणार? सगळ्यांचे हिशेब झाले. फंडाचे पैसे दोघींनाही मिळायचे होते, त्यात काही वाद नव्हता. वाद होता तो पेन्शनच्या भागाचा. मालक फंडात जे भरतो त्यातला एक हिस्सा वेगळ्या पेन्शन खात्यात जातो, हे तोवर आमच्या गावीही नव्हतं.

हिशेबाच्या टेबलावरच्या बाईनं आम्हाला दोघींना समोर बसवून नीट समजावलं. वहिनीची, म्हणजे माझ्या या जावेची, नोकरी बारा वर्षांची. दहा वर्षं भरली की हा भाग रोख मिळत नाही, नियमच तसा. तिला सरकारी प्रमाणपत्र मिळणार, ते जपून ठेवायचं आणि वयाची अठ्ठावन्न वर्षं झाली की पेन्शन मागायची. माझी आठ वर्षं. मला निवड होती, रोख घ्या नाहीतर प्रमाणपत्र घ्या.

"प्रमाणपत्र घेतलंत तर उद्या दुसरीकडे नोकरी लागली की ही आठ वर्षं तिकडच्या वर्षांत मिळवली जातील," ती बाई म्हणाली. "पैसे घेतलेत तर ही आठ वर्षं संपली. पुढे पाटी कोरी."

मी वहिनीकडे पाहिलं. मला हसूच आलं. मी तिशीच्या आतली, आणि अठ्ठावन्न म्हणजे सासूबाईंचं वय! तोवर कोण जगलं, कोण वाचलं? घरी हे नेहमीच म्हणायचे, "रोख घ्यावं, कागद काय चाटायचाय?" मला तर त्यांनी सांगायचीही गरज नव्हती. फॉर्मवर विचारलं होतं, पैशांऐवजी प्रमाणपत्र घ्यायला तयार आहात का? मी झोकात 'नाही' लिहिलं. बाहेर आल्यावर वहिनीला म्हटलं, "बारा वर्षं राबलीस आणि हाती काय, तर कागद!" तीही हसली. तिला खरंच वाईट वाटलं होतं, ते मला दिसत होतं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

आमच्या घरात रीत अशी, की बाहेरचं जे येईल ते सासऱ्यांच्या हातात. भाजीचे, फुलांचे, पगाराचे, सगळे पैसे एकाच डब्यात. आमचे फंडाचे पैसे गेले, त्यावर माझा पेन्शनचा भागही गेला, आणि त्यातनं विहिरीवर मोटर बसली. नारळ फुटला, पाणी पाटातनं धो धो धावलं, सासरे सगळ्यांना ऐकवत होते, "धाकटीनं मोटर आणली!" काय सांगू, पंधरा दिवस मी जमिनीवर पाय ठेवत नव्हते.

वहिनीचा कागद त्यानंतर टपालानं आला. सासऱ्यांनी तो लांब धरून उलटासुलटा पाहिला. "हे मोडून काही मिळतं का?"

"नाही बाबा. ठेवायचं. अठ्ठावन्नपर्यंत."

"मग ठेव बाई तुझ्याकडेच," म्हणाले, आणि तो कागद तिला परत दिला.

त्या घरात बाईला परत दिलेली ती पहिली वस्तू असावी. हे मला तेव्हा कळलं नाही. मोटर जळाली तेव्हा कळायला लागलं. दोनदा आतली तार नव्यानं गुंडाळून आणली, तिसऱ्यांदा भंगारात गेली, आणि नवी घेतली तेव्हा कुणाच्या तोंडी धाकटीचं नाव नव्हतं. 'आपली जुनी मोटर' म्हणायचे सगळे. पण वहिनीचा कागद मात्र 'थोरलीचा कागद'च राहिला. तो डब्यात टाकता येत नव्हता, मोडता येत नव्हता, नवऱ्याला, दिराला उसना देता येत नव्हता. लग्नातल्या शालूच्या घडीत, डांबराच्या गोळ्या आणि कडुनिंबाचा पाला घालून ती तो ठेवायची. पावसाळा संपला की काढून सावलीत वारा द्यायची. पापड वाळत घातल्यासारखी शेजारी राखण करत बसायची. मी ओसरीवरनं बघायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एवढ्याशा कागदाचं केवढं ते कौतुक!

वर तिचं दसऱ्याचं. आमच्याकडे दसऱ्याला कोयते, विळे, कुदळी, मोटर, सगळं ओळीनं मांडून पूजा होते. एका वर्षी वहिनीनं तिचा कागदही त्या ओळीत मांडला. "माझं अवजार हेच," म्हणाली. सासरे हसले, मोठे भाऊजी हसले. मी नाक मुरडलं. पण त्या वर्षापासून तो कागद कोयत्यांच्या बाजूला बसायलाच लागला. माझं असं मांडण्यासारखं काही नव्हतं. मी फुलं वाहायचे.

आणि मग एका दसऱ्याला सासूबाईंनी घोळ घातला. त्या बिचाऱ्या भक्तिभावानं वाटीत कुंकू भिजवून एकेका अवजाराला बोट लावत चालल्या होत्या. विळ्याला लावलं, कोयत्याला लावलं, कुदळीला लावलं, आणि त्याच झोकात कागदालाही. चांगलं ओलं, ठसठशीत. लोखंडावर कुंकू बसतं, कागदावर पसरतं. बघता बघता ते खाली ओघळलं आणि वहिनीच्या जन्मतारखेवर जाऊन थांबलं.

"आई, अहो!" वहिनी ओरडली, आणि पदरानं टिपायला गेली. टिपल्यानं आणखीच फासलं. जन्माचं साल गेलं. लाल झालं सगळं.

सासूबाई रडकुंडीला आल्या. "देवाचं कुंकू गं, पानी जास्त झालं..." आणि माझ्या मनात काय आलं? बरं झालं! अगदी अस्संच आलं. आता आपण दोघी सारख्या, असं आलं. त्या दुपारी मी श्रीखंड दोनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यापाशी आली. "चल माझ्याबरोबर फंडाच्या ऑफिसात. एकटीला भीती वाटते." जन्मसालच वाचता येत नाही म्हटल्यावर अठ्ठावन्न मोजणार कुठून, ही तिची धास्ती. मी गेले. तिच्या काळजीनं गेले असं म्हणणार नाही. तिला काय सांगतात ते मला माझ्या कानांनी ऐकायचं होतं.

खिडकीमागच्या माणसानं कागद पाहिला, नाकाजवळ नेला. "कुंकू?"

"दसरा होता," वहिनी म्हणाली.

तो हसला नाही. म्हणाला, "नंबर वाचता येतोय ना? मग काळजी नको. सगळी नोंद आमच्याकडे आहे. अर्ज लिहा, हा मूळ कागद जोडा, जन्मतारखेसाठी शाळेचा दाखला द्या, दुसरी प्रत मिळेल. ती आली की झेरॉक्स काढून वेगळ्या घरी ठेवा, नंबर आणखी कुठेतरी लिहून ठेवा. आणि मूळ कागदाची पूजा करू नका. पेन्शन मागताना तोच जमा करावा लागतो."

वहिनीच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग तो माझ्याकडे वळला. "तुमचंही काम आहे का?"

"मीही तिथंच होते. आठ वर्षं. पैसे घेतले."

"मग तुमचं इथं काही नाही," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाचा कागद घेतला.

तो वाईट बोलला नाही हो. खरं तेच बोलला. पण येताना रिक्षात मी वहिनीशी बोलले नाही. ती आपली 'तू होतीस म्हणून झालं' असं सारखं म्हणत होती, आणि मला वाटत होतं, हिचं तोंड कुणीतरी बंद करा.

पुढे कामणच्या गोदामात बायका घेतायत असं कळलं. माझी पहिली चौकशी पगाराची नव्हती. "फंड कापता का?" विचारलं. कापत होते. घरात सगळ्यांनी तोंडात बोटं घातली, वाडीत एवढं काम असताना कामणला? मी गेले. चार वर्षं खोकी चिकटवली. मग ते गोदामही बंद झालं आणि तोच फॉर्म पुन्हा माझ्यासमोर आला. तोच प्रश्न, पैशांऐवजी प्रमाणपत्र घ्यायला तयार आहात का?

तेव्हा घरी बोअर मारायची होती. हे म्हणाले, "चार वर्षांच्या कागदाला कुणी पेन्शन देत नाही. दहा लागतात. रोख घे."

"लागतात ना दहा? मग भरीन मी," मी म्हटलं.

"आणि नाही भरली तर?"

"तर माझी बुडतील. तुमची नाही बुडत."

मी 'होय' लिहिलं. घरात आठ दिवस कुणी माझ्याशी धड बोललं नाही. बोअर फंडाच्या पैशांतनं झाली, तीही अर्धीच.

कागद आला तो मी कुणाच्या हातात दिला नाही. वहिनीनंच मला प्लॅस्टिकची पिशवी दिली, झेरॉक्स कुठं ठेवायची ते सांगितलं. एक तिच्या माहेरी, एक माझ्या. त्या दसऱ्याला सासूबाई कुंकवाची वाटी घेऊन आल्या तशा आम्ही दोघींनी एकदमच आपापल्या पिशव्यांवर हात ठेवले. सासूबाई म्हणाल्या, "नाही लावत गं बायांनो, अक्षता टाकते नुसत्या!"

दोन कागद शेजारी शेजारी होते. वहिनी बघत बसली. मग अगदी हळू म्हणाली, "तुझी ती आठ असती ना, तर तुझीही बाराच झाली असती. माझ्याएवढीच."

म्हणजे तिनंही बेरीज केली होती! इतकी वर्षं मी एकटीच मनातल्या मनात मोजत बसले होते असं मला वाटायचं. मला इतका राग आला की डोळे भरले. तिच्या बोलण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "अजून सहा पाहिजेत."

अक्षता झाडून मी माझा कागद उचलला. सोमवारी तुळिंजला एका कारखान्यात बायका घेणार होते. मी पदर खोचला आणि वहिनीला म्हटलं, "तिथं फंड कापतात का, ते विचारायला चल माझ्याबरोबर. एकटीला भीती वाटते."