शेवटच्या प्लॉटची वजाबाकी

मोजणीवाल्या काकूंची जीभ तिखट आणि हिशेब त्याहून तिखट. तीस वर्षं जमिनी मोजणाऱ्या या बाईसमोर कुणी ‘अंदाजे’ म्हटलं की तिचं डोकंच फिरायचं. प्लॉट पाडले की प्रत्येकाचं क्षेत्रफळ त्याच्या स्वतःच्या मापांवरून काढायचं, मग बेरीज मूळ जमिनीशी ताडून पाहायची, हा तिचा शिरस्ता.

त्या दिवशी काम होतं तिघा भावांचं आणि त्यांच्या धाकट्या बहिणीचं. रस्त्याला पन्नास मीटर लागून हजार चौरस मीटर जमीन. एका टोकाला चोवीस मीटर आत जाणारी, दुसऱ्या टोकाला सोळाच. प्रत्येकी अडीचशे वाटून घ्यायचे. दोनशे चाळीसच्या खाली गेलं की घराची परवानगी मिळत नाही, हे चौघांनाही माहीत. निमुळतं टोक बहिणीचं. ती शिवणकाम करायची आणि भाड्याच्या खोल्या बदलून अगदी विटली होती.

नकाशावर बेरीज चोख हजार. थोरल्याने, मधल्याने आणि तिसऱ्याने सह्या ठोकल्या. आता खुंट्या ठोकायच्या. काकू टेप धरून रस्त्याकडेने रुंदीचे आकडे वाचत, खुंट्या रोवत चालल्या: दहा मीटर एक्याऐंशी सेंटीमीटर, अकरा बाहत्तर, तेरा एक्याण्णव, तेरा छप्पन. आणि तिथेच थबकल्या. जमिनीची खोली पुढे पुढे कमी होत जाते, म्हणजे प्रत्येक प्लॉट आधीच्यापेक्षा रुंद हवा. शेवटचा अरुंद कसा?

काकूंनी तिथल्या तिथे बॅगेवर कागद ठेवून तिसरा आणि चौथा पुन्हा काढला. तिसरा दोनशे अडुसष्ट, चौथा दोनशे बत्तीस. तिसऱ्याची रुंदी बारा एक्याण्णव हवी होती, घाईत तेरा एक्याण्णव लिहिली गेली. आणि चौथ्याचं क्षेत्रफळ? ते काढलंच नव्हतं. हजारातून साडेसातशे वजा करून लिहून मोकळ्या झाल्या होत्या. काकूंना स्वतःचीच लाज वाटली, चांगलीच वाटली.

तिसरा भाऊ म्हणाला, आता सह्या झाल्यात, बेरीज जुळतेय, उगाच कशाला कोळसा उगाळायचा? त्याला अठरा चौरस मीटर फुकट मिळत होते, बोलणारच तो.

“बेरीज मी जुळवली, म्हणून जुळली,” काकू म्हणाल्या. “चूक माझी आहे. तुझ्या खुंटीपायी हिचं घर अडेल.”

बहीण खाली बघून म्हणाली, “राहू द्या काकू. नवा वाद नको.”

“वाद नाही गं, माप आहे,” असं म्हणून काकूंनी सह्या झालेला नकाशा फाडला. तिसऱ्याची खुंटी स्वतः उपटून मीटरभर मागे सरकवली. चौथ्याची रुंदी चौदा छप्पन. मग चारही प्लॉट एकेक करून नव्याने मोजले: प्रत्येकी अडीचशे, फरक फक्त दशांशांचा. बेरीज हजार, या वेळी खरी.

तिसरा भाऊ तोंड फुगवून उभा. काकूंनी हातोडी बहिणीकडे दिली. तिने इकडेतिकडे पाहिलं, पदर खोचला आणि आपल्या घराची खुंटी तीन घावांत ठोकली.